तानाका-सानना दिवाळी सांगताना

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जपानी कंपन्या बऱ्याच आहेत. ज्यांच्या कंपनीत जपानी माणूस प्रत्यक्ष बसत नाही, त्यांचंही नागोयात किंवा योकोहामात कुणीतरी असतं. रोज मेल, आठवड्याला एक कॉल, आणि वर्षभर सगळं बोलणं मालाचं, तारखांचं, ड्रॉइंगचं. दिवाळी आली की मात्र मराठी माणसाला राहवत नाही. मग तो एकतर फोनमधला एखादा झगमगीत संदेश पुढे ढकलतो, नाहीतर नीट बसून एक मेल लिहितो. तो मेल साधारण असा असतो:

‘दिवाळी हा भारतातला सर्वांत मोठा सण असून तो पाच दिवस चालतो. या काळात प्रभू रामचंद्र चौदा वर्षांचा वनवास संपवून अयोध्येला परतले. श्रीकृष्णाने नरकासुराचा वध केला, तोही याच दिवसांत. अंधारावर प्रकाशाचा आणि असत्यावर सत्याचा विजय साजरा करणारा हा सण आपणांस व आपल्या परिवारास सुख, समृद्धी व आरोग्य देवो.’

यात चूक अशी काहीच नाही. पण पलीकडे वाचणाऱ्याला राम, अयोध्या, नरकासुर ही तिन्ही नावं बहुधा नवी आहेत. असत्यावर सत्याचा विजय म्हणजे नेमकं काय, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते आपल्यालाही सवयीनंच कळतं. एवढं वाचूनही तुम्ही आज संध्याकाळी घरी जाऊन काय करणार आहात, हे त्याला समजलेलं नसतं. त्यात जपानी माणूस असा मेल नुसता वाचून सोडत नाही. आलेल्या शुभेच्छेची परतफेड करायची, ही तिथली पक्की रीत. नववर्षाचं शुभेच्छापत्र, म्हणजे ‘नेंगाजो’, आपण ज्याला पाठवलं नव्हतं अशा माणसाकडून आलं, तर सवडीनं जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत विचारपूस करणारं वेगळं पत्र पाठवायची सोयही त्यांनी करून ठेवली आहे. तेव्हा सात ओळींचा मेल गेला, की तिकडे एक माणूस सात ओळींचं उत्तर कसं लिहावं या विचारात पडतो. दोन ओळी पाठवल्या, तर तोही दोन ओळींत मोकळा होतो.

म्हणून दोनच ओळी. पहिलीत सण सांगायचा, दुसरीत सदिच्छा द्यायची. दुसरी लवकर जमते, खरं काम पहिलीत आहे.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचं सगळं एका वाक्यात बसत नाही, तेव्हा निवड करावीच लागते. मी लक्ष्मीपूजन निवडेन. ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे म्हणून नव्हे. आमच्या घरात विचाराल तर पहाटेचं अभ्यंगस्नान, उटणं आणि पायाखाली फोडलेलं चिराटं हीच खरी दिवाळी. पण चिराटं फोडण्याचा अर्थ सांगायला नरकासुर आणावा लागतो आणि भाऊबीजेला यम-यमी आणावे लागतात. लक्ष्मीपूजनाला गोष्ट लागतच नाही. घर साफ करायचं, तिन्हीसांजेला दारात दिवे लावायचे, देवी घरात येते. तीन कृती, आणि तिन्ही जपानी माणसाच्या ओळखीच्या.

किती ओळखीच्या, ते थोडं सविस्तर पाहू. जपानमध्ये डिसेंबरच्या अखेरीस ‘ओसोजी’ म्हणजे मोठी साफसफाई असते. घरं तर निघतातच, शाळेत मुलं वर्ग धुतात, ऑफिसात साहेबापासून शिकाऊ माणसापर्यंत सगळे बाह्या सरसावतात. क्योतोतल्या दोन्ही होंगान्जी देवळांमध्ये २० डिसेंबरला माणसं रांगेनं बसून बांबूच्या काठ्यांनी तातामी बडवतात आणि वर्षभराची धूळ मोठ्या पंख्यांनी बाहेर घालवतात. हे झालं की दाराशी पाइन आणि बांबूची सजावट उभी राहते, चौकटीवर गवताच्या दोराचं तोरण लागतं. हा सगळा खटाटोप ‘तोशिगामी’साठी, म्हणजे नव्या वर्षाबरोबर घरात येणाऱ्या देवासाठी. जुन्या समजुतीप्रमाणे हा देव सुबत्ता घेऊन येतो आणि स्वच्छ, सजलेल्या घरातच उतरतो. सजावट अगदी आदल्या दिवशी घाईघाईनं लावणं अशुभ मानतात. देवाची वाट पाहिली, असं दिसलं पाहिजे. आमच्या घरात नवरात्र संपल्यापासून माळ्यावरचे डबे खाली उतरायला लागतात आणि ‘लक्ष्मी यायच्या आत झालं पाहिजे’ म्हणून मुलांच्या मागे लागलं जातं, त्याच्याशी हे इतकं जुळतं, की मुद्दाम जुळवायची गरज पडू नये.

आणि मुद्दाम जुळवू नयेच. ‘हे तुमच्या नववर्षासारखंच आहे’ असं वाक्य मेलमध्ये घालायचा मोह होतो, तो टाळावा. एक तर ते पूर्ण खरं नाही. जपानीत दिवाळीची ओळख करून देताना पुष्कळदा ‘हिंदूंचं नववर्ष’ असं लिहितात. गुजरात्यांना ते लागू पडतं, कारण त्यांचं विक्रम संवत कार्तिकातल्या पाडव्याला बदलतं. आपलं वर्ष बदलतं गुढीपाडव्याला. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याची वही नवी होते, घरातलं कॅलेंडर नाही. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. तुम्ही साफसफाई आणि देवीचं आगमन एवढंच सांगितलं, तर साम्य समोरचा माणूस स्वतः शोधतो. ‘म्हणजे आमच्या ओसोजीसारखंच की!’ हे वाक्य त्याचं होतं, आणि उत्तरात काय लिहावं हा त्याचा प्रश्नही सुटतो.

दिव्यांच्या बाबतीत मात्र जपायला हवं. दारात लहानसा विस्तव किंवा दिवा लावून कुणाला तरी घरात बोलावणं ही कृती जपानमध्ये आहे, पण वेगळ्या पाहुण्यांसाठी. ‘ओबोन’ हा पितरांचा सण, बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यावर आणि तोक्योच्या काही भागांत जुलैत येतो. त्याच्या पहिल्या संध्याकाळी दाराशी ‘मुकाएबि’, म्हणजे स्वागताचा अग्नी पेटवतात, घरातल्या गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. शेवटच्या दिवशी तसाच अग्नी पेटवून त्यांना निरोप देतात. क्योतोत १६ ऑगस्टच्या रात्री डोंगरांवर पेटवली जाणारी प्रचंड अक्षरं हा त्याच निरोपाचा अवाढव्य प्रकार. अनेक ठिकाणी कागदी कंदिलात दिवा ठेवून तो नदीत सोडतात, आणि हिरोशिमात ६ ऑगस्टच्या संध्याकाळी बॉम्बहल्ल्यात गेलेल्यांसाठी असे हजारो कंदील नदीवर तरंगतात.

आता दिवाळीच्या तयार शुभेच्छापत्रांवर काय असतं ते आठवा: काळोखं पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या पणत्या. आपल्याला ते नुसतं सुंदर वाटतं. जपानी माणसाला ते चित्र पहिल्यांदा निरोपाचं दिसतं. तो काही बोलणार नाही, ‘सुंदर आहे’ असंच लिहील, पण सणाचा सूर त्याच्या मनात भलताच लागलेला असेल. ‘आज आम्ही दारात दिवे लावतो’ एवढंच वाक्य लिहून थांबलात, तरी हाच घोटाळा होतो. त्यामुळे दिवे कुणासाठी, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. समृद्धीच्या देवीसाठी, हे दोन-तीन शब्द तिथे शोभेसाठी नाहीत. त्यांनी वाक्य पितरांकडून लक्ष्मीकडे वळतं. (आपल्याकडेही धनत्रयोदशीला एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी लावतात, तेव्हा जपानी मनात येणारी शंका अगदीच अनाठायी नाही. पण तो दिवा दोन ओळींत आणू नये.)

चित्र पाठवायचंच असेल, तर स्वतःच्या दारातल्या रांगोळीशेजारच्या पणतीचा साधा फोटो सगळ्यांत चांगला. रांगोळीत स्वस्तिक असेल तर जपानी माणूस दचकणार नाही. तिथल्या नकाशांवर बौद्ध देवळाची खूण म्हणून स्वस्तिकच छापतात, फक्त त्याचे हात आपल्या उलट्या दिशेला वळलेले असतात. पण मेल एका माणसाला न जाता जर्मन आणि अमेरिकन सहकारी असलेल्या गटाला जाणार असेल, तर दुसऱ्या रांगोळीचा फोटो निवडावा.

दुसऱ्या ओळीकडे येऊ. इथे अडचण आहे ती ‘ओमेदेतो’ची. आपण ‘शुभ दीपावली’ म्हणतो त्याजागी जपानीत ‘दिवारी ओमेदेतो गोझाइमासु’ असं सहज बसवलं जातं, आणि पुष्कळ भारतीय तसं लिहितातही. त्यात व्याकरणाची चूक नाही. पण हे अभिनंदनाचे शब्द आहेत, आणि जपानी घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तर त्या घरच्यांना ते कुणी म्हणत नाही. अशी घरं ‘मोचू’ म्हणजे सुतकाच्या वर्षात मानली जातात. ती नेंगाजो पाठवत नाहीत, आणि इतरांनीही पाठवू नयेत म्हणून साधारण नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तशी सूचना देणारी पोस्टकार्डं धाडतात. म्हणजे जवळपास दिवाळीच्याच सुमारास. सहकाऱ्याच्या घरात काय घडलं आहे हे तुम्हाला माहीत असतंच असं नाही, कारण जपानी माणूस ऑफिसात ते सांगत फिरत नाही. हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. वर्षभरात कुणी गेलेलं असेल त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारीपाजारी आणि नातलग फराळाचं ताट नेऊन देतात आणि ‘शुभ दीपावली’ न म्हणता गप्प बसून येतात.

म्हणून अभिनंदनाचे शब्द वगळून नुसती सदिच्छा ठेवावी. येणारे दिवस उजेडाचे आणि निवांत जावोत, हे सुतकातल्या माणसालाही म्हणता येतं.

भाषेचं म्हणाल, तर इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. मात्र शब्द शाळकरी पोराला कळतील इतके सोपे ठेवावेत, कारण इंग्रजी तुमच्यासारखीच त्याचीही परकी भाषा आहे. १९९५च्या कोबेच्या भूकंपानंतर, परदेशी रहिवाशांना सूचना कळल्या नाहीत हे लक्षात आल्यावर, हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सोप्या जपानीचे काही नियम बसवले. वाक्य आखूड ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा, अवघड शब्दाऐवजी रोजचा शब्द घ्या. हे नियम परक्यांशी जपानी बोलणाऱ्यांसाठी होते, पण जपान्यांना काही समजावून सांगणाऱ्या परक्यालाही तेच उपयोगी पडतात.

आता मेल बांधू. समजा पुण्यातला एक इंजिनियर नागोयातल्या सहकाऱ्याला लिहितो आहे. सहकाऱ्याचं आडनाव, उदाहरणापुरतं, तानाका. हाक आडनावानंच मारायची आणि मागे ‘सान’ लावायचं. कितीही वर्षं एकत्र काम केलेलं असो, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय पहिल्या नावावर जायचं नाही. आणि खाली सही करताना आपल्या नावाला ‘सान’ लावायचं नाही, ते दुसऱ्यासाठी असतं. आपण स्वतःला ‘राव’ लावत नाही तसं. मराठीत मनातला मजकूर असा:

‘तानाका-सान, आज आमच्याकडे दिवाळी नावाचा सण आहे, घर झाडूनपुसून स्वच्छ करायचं, संध्याकाळी दारात छोटे दिवे लावायचे आणि समृद्धीच्या देवीला घरात घ्यायचं. तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांनाही उजेडाचे, निवांत दिवस लाभत राहोत.’

जपानीत तो असा होतो:

‘तानाका-सान, ओत्सुकारेसामा देसु. क्यो वा इंदो नो दिवारी तो इउ ओमात्सुरि दे, इए ओ किरेइ नि सोजि शिते, यूगाता नि गेनकान नि चिइसाना आकारि ओ तोमोशि, युताकासा नो मेगामि ओ ओमुकाए शिमासु. तानाका-सान तो गोकाझोकु नि मो, आकारुकु ओदायाका ना हिबि गा त्सुझुकिमासु यो नि.’

सुरुवातीचं ‘ओत्सुकारेसामा देसु’ हे एकाच कंपनीतल्या माणसांचं नेहमीचं अभिवादन आहे. मेल बाहेरच्या कंपनीतल्या माणसाला जाणार असेल, तर तिथे ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ येतं आणि नावामागे ‘सान’च्या जागी ‘सामा’. ते ओळींत मोजायचं नाही. त्याच्याशिवाय मेल सुरूच होत नाही. पहिल्या वाक्यात सोप्या जपानीचा ‘एका वाक्यात एकच गोष्ट’ हा नियम थोडा मोडला आहे, पण तिथल्या कृती ज्या क्रमानं घरात घडतात त्याच क्रमानं आल्या आहेत, त्यामुळे वाचताना अडखळायला होत नाही.

एक काम राहिलं, ते वेळेचं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. आपण पूजा आटोपून साडेसातला मेल धाडला, की तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सकाळी नऊला धाडला, तर तो जेवणाच्या सुट्टीत वाचला जातो. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या पत्त्यावर मेल नको, शुक्रवारीच पाठवून द्यावा आणि ‘आज’च्या जागी ‘या रविवारी’, म्हणजे ‘कोंदो नो निचियोबि वा’, घालावं. आपण अभिनंदन करत नसल्यामुळे दोन दिवस आधी पाठवण्यात काही खटकत नाही. तारीख दर वर्षी का बदलते, हे मात्र मेलमध्ये सांगत बसू नये. जपाननं चांद्र पंचांग १८७३मध्ये सोडलं, त्यामुळे प्रश्न त्यांच्याकडून येण्याची शक्यता आहे, पण तो बोलण्यात आलेला बरा. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ला, यावर आपलंच एकमत नव्हतं.

उत्तरात तानाका-साननी एखादा प्रश्न विचारलाच, तर तो बहुतेक ‘ही देवी कोण?’ असा असेल. त्याचं उत्तर त्यांच्याच देशात आहे. लक्ष्मी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचली आणि तिथे तिचं नाव किचिजोतेन झालं. नाराच्या याकुशिजी देवळात तिचं आठव्या शतकातलं रंगीत चित्र आहे, आणि नववर्षाच्या पूजेत ते पुढे मांडतात. क्योतो प्रांतातल्या जोरुरीजीत तिची १२१२ सालची लाकडी मूर्ती आहे. ती एरवी बंद देव्हाऱ्यात असते, ठरावीक दिवसांतच उघडतात, आणि त्यांत जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि शरद ऋतू येतात. पण किचिजोतेन आज सगळ्यांना ठाऊक असेल असं धरून चालू नये. धन आणि भाग्य देणारी म्हणून जपानी माणसाला आठवते ती बेनझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. शतकांच्या ओघात तिनं लक्ष्मीचं खातंही आपल्याकडे घेतलं आणि भाग्यदेवतांच्या सप्तकात जागा पटकावली. म्हणून किचिजोतेनचं नाव मूळ दोन ओळींत घालू नये. विचारलं तर मात्र जरूर सांगावं, कारण आपली देवी आपल्या आधी तिथे गेली आहे, यावर पुढचा सगळा कॉल निघू शकतो.

गप्पा रंगल्याच, तर लक्ष्मी म्हणून पुजलेल्या नव्या केरसुणीचा विषय काढावा. परदेशी माणसाला याचं नवल वाटेल अशी आपली समजूत असते. जपानी लोकपरंपरेत केरसुणीत राहणारा देव आहे, होकिगामी. तो बाळंतपणात सोबत करतो म्हणतात.

तानाका-सानची पाळी डिसेंबरात येते. ३१ तारखेपर्यंत त्यांना ‘योइ ओतोशि ओ’ एवढंच लिहायचं, म्हणजे येणारं वर्ष चांगलं जावो. ‘आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु’ हे १ जानेवारी उजाडल्यावरच, आणि मोचूचं कार्ड आलेलं असेल तर तेही नाही.